कॉर्पस कधी मिळणार, ते लेखी मागा

“आमच्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी विकासकाची निवड आणि त्याच्याकडून सभासदांना मिळणारा कॉर्पस निधी याबद्दल समितीला पत्र द्यायचंय. नेमकं काय मागू?”

सगळ्यात आधी आलेल्या सर्व निविदांचा तुलनात्मक तक्ता मागा, सल्लागाराच्या सहीचा. आमच्या ३२ घरांच्या सोसायटीत सभेत फक्त “प्रत्येकी ६ लाख कॉर्पस” एवढंच वाचून दाखवलं आणि टाळ्या पडल्या. मी पत्र देऊन तक्ता मागितला, तेव्हा शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात दिसलं: ‘ताबा देतेवेळी’. म्हणजे १ कोटी ९२ लाखांपैकी घरं रिकामी करताना हातात एक पैसाही नाही. काम प्लिंथला अडकलं असतं तर कॉर्पस कागदावरच! दुसऱ्या विकासकाने ५ लाखच देऊ केले होते, पण त्यातले ३ लाख घर रिकामं करण्याआधी. मला तरी तीच ऑफर भक्कम वाटली.

म्हणून पत्रात हप्ते आणि तारखा विचारा. रक्कम सभासदाच्या खात्यात येणार की सोसायटीच्या, हेही विचारा, कारण पुढे वाढलेला मेंटेनन्स आपल्यालाच या पैशातून भरायचा असतो. विकासकाच्या बँक गॅरंटीचा मसुदा मागा, तिची मुदत काम संपेपर्यंत आहे ना ते बघा.

निवडीबाबत ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाचा उल्लेख कराच. विकासक निवडीच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी हजर लागतो, चित्रीकरणही लागतं. त्या इतिवृत्ताची प्रत मागा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का आणि पोच घ्या. आमच्याकडे पहिलं पत्र ‘मिळालंच नाही’ म्हणाले होते.