कांड्या फुल्ल, नेट गुल

आमच्या राउटरचं नेट दोन प्रकारचं आहे. एक ५ गिगाहर्ट्झवालं, एकदम सुसाट, पण हॉल सोडून बाहेर पाऊल टाकत नाही. दुसरं २.४ वालं, तेवढं जोरात नाही पण बिचारं दोन भिंती पार करून माझ्या खोलीपर्यंत येतं, आणि माझी घरबसली नोकरी त्याच्याच जिवावर चाललीये. तर हेच नेमकं मीटिंगमधे मान टाकायला लागलं.

कंपनीला फोन लावला तर "सर, राउटर बंद करून चालू करा." केला. "सर, आमच्याकडे सिग्नल ओके दाखवतंय." अहो, ओके तर माझ्याकडेपण दाखवत होतं, कांड्या सगळ्या फुल्ल, फक्त पान उघडत नव्हतं. बाबांनी शेजाऱ्यांच्या मायक्रोवेव्हवर संशय घेतला (त्यांचा तसाही शेजाऱ्यांच्या प्रत्येक वस्तूवर असतो).

शोध लावला भाच्याने. "मामा, ती डिस्क लावली की जातंय बघ." बहिणीच्या लग्नाचे फोटो असलेली यूएसबी थ्री हार्ड डिस्क, वायर वीतभर, म्हणून लॅपटॉपला अगदी खेटून बिजागरीपाशी पडलेली. लगेच परीक्षा घेतली:

```
ping 192.168.1.1
```

डिस्क काढली की राउटरचं उत्तर तीन-चार मिलिसेकंदात, लावली की चारशे, मधेच Request timed out. बरं ती कॉपी वगैरे काही करत नव्हती, नुसती लावलेली! पण यूएसबी थ्रीची लाइन झोपत नाही तोवर रिकामी असतानाही काहीतरी बडबडत राहते, सेकंदाला ५ गिगाबिटच्या वेगाने, आणि त्या बडबडीचा पसारा नेमका २.४ च्या पट्ट्यावरही पडतो. वायर, पोर्ट, डिस्कचं खोकं, जिथे जिथे शील्डिंग कच्चं तिथून तो गळतो. लॅपटॉपची अँटेना बहुतेक वेळा स्क्रीनच्या चौकटीत, म्हणजे डिस्कच्या डोक्यावरच. इंटेलने २०१२ मधेच हे मोजून लिहून ठेवलंय, आजूबाजूचा गोंगाट जवळपास २० डेसिबलने, म्हणजे शंभरपट वाढतो म्हणून. राउटरचा आवाज आहे तेवढाच असतो म्हणून कांड्या फुल्ल, पण लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून फोनवर बोलल्यासारखं, ऐकू काय येणार कपाळ?

माउससुद्धा मधेमधे अडखळायचा त्याचंही कारण हेच, त्याचा डोंगल २.४ वरच आणि शेजारच्याच पोर्टात.

डिस्क यूएसबी टूच्या पोर्टात लावली तर नेट ठणठणीत, पण फोटो कॉपी व्हायला पुढचं लग्न उजाडेल. शेवटी चांगली जाड शील्डिंगवाली मीटरभराची एक्स्टेंशन घेतली आणि डिस्कला टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला हद्दपार केलं, डोंगललाही छोटी वायर लावून दुसऱ्या बाजूला आणलं. पिंग परत तीन-चारवर.

ऑफिसवाल्यांनी आता यूएसबी थ्रीचा सात पोर्टवाला हब पाठवलाय, वायर वीतभर. बाबा अजून मायक्रोवेव्हवरच ठाम आहेत.