ओठाची कड कुठे गेली?

लिपस्टिक लावताना पहिल्यांदा लक्षात आलं. ओठाची कड सापडेना. म्हणजे ओठाचा रंग संपून त्वचा सुरू होते तिथली ती बारीक रेघच गायब आणि तिच्या वर, मिशी येते त्या जागी, फुगीर कट्टा. आरशात समोरून काहीच कळत नव्हतं, भाचीच्या हळदीच्या व्हिडिओत बाजूने दिसले तेव्हा कळलं, साक्षात बदक.

सुरुवात २०१९ ला ओठात फिलर, म्हणजे ओठ भरदार दिसायला सुईने टोचतात ते जेल, भरून घेण्याने झाली, तेही फक्त अर्धा एमएल, म्हणजे चहाच्या चमच्याचा दहावा भाग. छान दिसलं होतं, खोटं कशाला बोलू. पण पहिले काही दिवस जो भरलेला ओठ दिसतो ना, त्यात सुईची सूजही असते, आणि डोळ्याला सवय लागते ती त्या सुजेची. ती ओसरली की वाटतं, अरे उतरलं की सगळं! मग टचअप. मला सांगितलेलं की सहा ते बारा महिन्यांत विरघळतं, म्हणून मी दर आठ महिन्यांनी हजर, जुनं गेलं नवं भरलं असा हिशोब. पण एमआरआयमध्ये लोकांच्या चेहऱ्यात दोन दोन वर्षांनी, काहींच्यात त्याहून खूप उशिरासुद्धा फिलर सापडलंय. म्हणजे मी भरलेल्यावरच भरत होते, आणि ओठ तर दिवसभर हलतो, जास्तीचं सरकतं वर.

त्यात ओठ मोठे झाले की गाल बसके वाटायला लागतात, गाल भरले की डोळ्याखालचे खड्डे. तिथलं फिलर पाणी धरून ठेवतं, त्यामुळे सकाळी उठलं की रात्रभर रडल्यासारखा चेहरा. आणि तुलना कायम मागच्या महिन्यातल्या सेल्फीशी, २०१८ च्या फोटोशी एकदाही नाही!

शेवटी दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी जुने फोटो ओळीने लावायला सांगितले आणि म्हणाल्या, "आज काही भरायचं नाही, काढायचंय." हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम टोचतात, त्याने हायलुरोनिक अॅसिडचं फिलर विरघळतं (कॅल्शियमवालं असेल तर नाही, म्हणून कुठलं भरलंय ते लिहून घ्या बायांनो). अॅलर्जी होऊ शकते, त्यामुळे मधमाशी चावून कधी त्रास झालाय का ते आधी विचारलं, हातावर टेस्ट केली. नंतर ओठ असा सुजला की दोन दिवस मास्क लावून फिरले. उर्फी जावेदने २०२५ मध्ये ओठातलं फिलर काढतानाचा व्हिडिओ टाकला होता, लोक हसले तिला, मला तर धीर आला तो बघून.

माझ्या मते थांबायची वेळ कधीच येऊन गेली होती, मागच्या सुईने बिघडलेलं दिसतंय म्हणून पुढची सुई घेतली तेव्हाच. फोटो ओळीने लावल्यावर नेमका महिनासुद्धा सांगता आला मला, ऑगस्ट २०२१.

आता कड परत दिसते. डावीकडे जिभेला अजून एक छोटी गाठ लागते, तिच्यासाठी पुढच्या महिन्यात आणखी एक सिटिंग आहे.