ऋण क्षेत्रफळ हमखास मिळवण्याची कृती

आलेख अख्खा अक्षाच्या वर असेल तर त्याखालचं क्षेत्रफळ ऋण येऊच शकत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या नौपाड्यातल्या क्लासमध्ये येऊन मागच्या चाचणीचे पेपर बघावेत. प्रश्न एका ओळीचा होता: ∫₀¹ x³ eˣ dx ची किंमत काढा. ० ते १ मध्ये x³ ऋण होत नाही आणि eˣ तर कुठेच होत नाही. तरीही तीन पेपरांत उत्तर होतं −11.437, त्याभोवती पट्टीने आखलेली दुहेरी चौकट. हे यश तुम्हालाही मिळू शकतं. फक्त पथ्यं नीट पाळायला हवीत.

पहिलं पथ्य म्हणजे रिडक्शन फॉर्म्युला पाठ करा, सिद्ध करू नका. सिद्ध करायला दोनच ओळी लागतात आणि एकदा समजल्या की त्या विसरता येत नाहीत, हा केवढा धोका! बाय पार्ट्स लावायचं, xⁿ चं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं आणि eˣ चं इंटिग्रेशन करायचं, बस. डेरिव्हेटिव्ह घेतलं की xⁿ चा घातांक एकाने उतरतो आणि n बाहेर येतो. eˣ चं काहीही करा, ते eˣ च राहतं. म्हणून:

∫ xⁿ eˣ dx = xⁿ eˣ − n ∫ xⁿ⁻¹ eˣ dx

उजवीकडचं इंटिग्रल म्हणजे डावीकडच्याचंच धाकटं भावंड. आता ० ते १ या मर्यादा घाला. xⁿ eˣ ची किंमत १ ला e आणि ० ला शून्य, अर्थात n किमान १ असेल तर. ∫₀¹ xⁿ eˣ dx ला Iₙ म्हटलं की उरतं ते एवढंच:

Iₙ = e − n·Iₙ₋₁

सगळ्यात खाली I₀ बसलेलं आहे. तिथे x उरतच नाही, नुसतं eˣ, म्हणून I₀ = e − 1. हा जिना आहे हे लक्षात आलं तर तुम्ही n = 3 साठी तीनदा नव्याने बाय पार्ट्स करणार नाही, आणि मग चुकायच्या जागाच कमी होतील. तेव्हा लक्षात येऊ देऊ नका.

दुसरं पथ्य खास धाडसी लोकांसाठी. भूमिका उलटवा: डेरिव्हेटिव्ह eˣ चं, इंटिग्रेशन x³ चं. मग x³ चा x⁴ होतो आणि आत नवीन इंटिग्रल x⁴ eˣ चं उभं राहतं. पुन्हा तेच केलं की x⁵. ठाण्याहून वाशीला निघायचं आणि कर्जत लोकल पकडायची, असा हा प्रकार आहे. खिडकी मिळेल, वारं लागेल, वाशी तेवढी येणार नाही. (या उलट्या गाडीबद्दल शेवटी थोडं बोलायचंय, पण ते हुशार मुलांनी वाचू नये.)

तिसरं पथ्य सगळ्यात फलदायी: कंस गाळा. आधी कंटाळवाणी, बरोबर वाट बघून घ्या. I₀ = e − 1. मग I₁ = e − 1·(e − 1) = 1. इथे e स्वतःलाच खाऊन टाकतो आणि नुसता १ उरतो. I₂ = e − 2·1 = e − 2. शेवटी I₃ = e − 3(e − 2), म्हणजे e − 3e + 6, म्हणजे 6 − 2e. साधारण 0.5634. संपलं.

आता हाच शेवटचा कंस सोडवताना वजाचं चिन्ह पहिल्या पदाला द्या आणि दुसऱ्याला विसरा: e − 3e − 6. उत्तर −2e − 6, म्हणजे आपलं लाडकं −11.437. त्या तिघांपैकी एकाला मी विचारलं, "कंस कुठे गेला रे?" तो म्हणाला, "सर, मनात होता." मनातल्या कंसाला गुण देण्याची तरतूद अजून झालेली नाही, पण प्रयत्न चालू ठेवा.

उत्तर आल्यावर ताळा मात्र अजिबात करू नका. तो इतका स्वस्त आहे की सगळा डाव उधळून लावेल. ० ते १ मध्ये eˣ हा १ आणि e यांच्या दरम्यान राहतो. त्यामुळे I₃ हे नुसत्या x³ च्या क्षेत्रफळापेक्षा, म्हणजे 1/4 पेक्षा, जास्त आणि e/4 पेक्षा, म्हणजे साधारण 0.68 पेक्षा, कमी असायलाच हवं. 0.5634 त्यात बसतं. −11.437 बसत नाही, पण तुम्ही बघितलंच नाही तर कुणाला कळणार?

इथवर येऊनही कुणाला कंस सुटेचना, तर त्याच्यासाठी चौथं पथ्य आहे. यात सगळ्या पायऱ्या बरोबर करून ऋण क्षेत्रफळ मिळतं, म्हणून मला याचं विशेष कौतुक. e च्या जागी सुरुवातीलाच 2.718 लिहा आणि I₈ पर्यंत चढा. I₁ = 1, I₂ = 0.718, I₃ = 0.564. छान चाललंय. I₄ = 0.462, I₅ = 0.408. पुढे I₆ = 0.270, आणि I₇ = 0.828! घातांक वाढला की ० ते १ मधला xⁿ खाली दबतो, क्षेत्रफळ कमी व्हायला हवं, हे फुगलं कसं, असा प्रश्न पडू देऊ नका. I₈ = 2.718 − 8 × 0.828 = −3.906. अभिनंदन.

एकही कंस गळालेला नाही. फक्त e मधले 0.00028 आपण सोडून दिले होते. ती चिमूटभर चूक I₂ मध्ये शिरली आणि पुढच्या पायऱ्यांनी तिला ३, ४, ५, ६, ७, ८ ने गुणलं. हा गुणाकार होतो २०,१६०. मधे दर पायरीला e ची तीच चूक नव्याने मिसळते आणि चिन्ह उलटत राहतं, पण चुकीचा डोंगर व्हायचा तो होतोच. कॅल्क्युलेटर दहा आकडी घेतलात तर हेच नाटक पाच-सहा पायऱ्या उशिरा सुरू होईल, इतकंच. शेवटपर्यंत e ला e च ठेवलं की चूक शिरायला फटच राहत नाही. तेव्हा तसं करू नका.

आता ती कर्जतची गाडी. सूत्र तेच, फक्त उलटं लिहिलेलं: Iₙ₋₁ = (e − Iₙ)/n. यात वर जाताना गुणलं गेलेलं सगळं खाली येताना भागलं जातं. ऐरोलीहून येणाऱ्या एका मुलीने पेपरच्या मागच्या पानावर I₈ = 0 असं सरळ खोटं लिहिलं, खरं ते 0.274 च्या आसपास आहे. मग ती एकेक पायरी उतरली. 0.339785, पुन्हा 0.339785 (हा योगायोग नाही, e/8 च दोनदा येतो), 0.396416, 0.464373, आणि I₃ = 0.563477. खऱ्या उत्तरापासून फरक जेमतेम 0.00004. पाव एककाहून मोठी थाप मारून ही पोर चार दशांशांपर्यंत सुखरूप घरी पोचली होती.

उत्तर 6 − 2e या रूपात नव्हतं, म्हणून मी तिचा अर्धा गुण कापला.