दुकानातला रॅक कोसळला, त्याबद्दलचं आमचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: "दिवाळीच्या खरेदीत तेलाचा रॅक आईच्या पायावर कोसळला. फळीवर किती वजन लादलं होतं, आता नीट केलंय का आणि औषधपाण्याचं काय, कोणी धड सांगत नाही."

नमस्कार ताई,

आईंच्या पायाची सूज उतरत असेल अशी आशा आहे. हाड मोडलेलं नाही हे एक्स-रेत कळलं तेव्हा आमच्याही जिवात जीव आला. रॅक आमचा, त्यामुळे जबाबदारीही आमचीच.

पडलेला माल आम्ही लगेच आवरला नाही. आधी फोटो काढले, मग त्या फळीवरची प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर ठेवून वहीत लिहिली. तेलाचे चार डबे 64 किलो भरले. डब्यावर 15 किलो छापलेलं असतं ते नुसत्या तेलाचं, पत्रा धरून डबा 16 किलोपर्यंत जातो. मागे गुळाच्या दहा-दहा किलोच्या चार ढेपा होत्या. एकूण 104 किलो. रॅक बनवणाऱ्याने या फळीला 80 किलो सांगितले होते आणि तेही वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असेल तरच. इथे काढायला सोपं म्हणून डबे पुढच्या कडेला होते, म्हणजे बराचसा भार कडेवरच आला. त्यात पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना दोनऐवजी एकेकच बोल्ट होता. बोल्टाची भोकं ओढून लांबट झालेली दिसली. फळी तिथूनच फाटून पुढे कलंडली.

नवी फळी टाकून काम भागणारं नव्हतं. तेलाचे डबे आणि ढेपा आता खाली, जमिनीवरच्या लाकडी पाटांवर असतात. फळ्यांखाली मधोमध आडवा अँगल टाकला, प्रत्येक कोपऱ्याला दोन बोल्ट लावले आणि रॅकची वरची बाजू भिंतीत बोल्ट मारून पक्की केली. भार 50 किलोच्या वर न्यायचा नाही असं ठरवून तो आकडा प्रत्येक फळीवर रंगवला आहे. माल लावणारा मुलगा डबे आणि पाकिटांचं भरलेलं वजन वहीत मांडतो, बेरीज आकड्यात बसली तरच माल वर चढतो.

वजनाखाली फळीला बाक येतोय का हेही तपासतो. पुढच्या कडेला टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणून धरायची. तीन फुटांच्या फळीत मध्ये पाच मिलिमीटरपेक्षा जास्त झोळ दिसला की माल उतरवायचा, मग वहीतली बेरीज काहीही सांगो.

दवाखान्याचं आणि एक्स-रेचं बिल आम्ही भरलं आहे. पुढच्या तपासण्या, औषधं आणि रिक्षाभाडं यांच्या पावत्या जपून ठेवा, तेही आम्ही देऊ. आईंसाठी तुम्हाला कामावरून घरी थांबावं लागलं, त्या बुडालेल्या पगाराचंही सांगा. वहीतल्या त्या पानाची प्रत आणि फोटो तुम्हाला हवे असतील तर दुकानात किंवा घरी आणून देतो.