बेटकुळीवरची शिरोरेघ

लग्नसराई जवळ आली की आमच्या स्टुडिओत दोन जातीची गिऱ्हाईकं येतात. एकाला फोटोत काहीतरी वाढवून पाहिजे असतं, बहुतेक वेळा केस. दुसऱ्याला काहीतरी काढून पाहिजे असतं. काढून मागणारा जास्त तापदायक, कारण त्याला वाटतं की काढायला काय लागतं, रबर फिरवलं की झालं.

असाच एक पोट्टा मामाला घेऊन आला. कबड्डी खेळणारा, भरदार. संत्र्याच्या बागेत, पांढऱ्या बनियानवर, दंड फुगवून काढलेला फोटो पेनड्राइव्हमध्ये. दंडाच्या ऐन बेटकुळीवर बहिरमच्या जत्रेत गोंदवून घेतलेलं एका मुलीचं नाव. ते नाव मी इथे लिहीत नाही, तिचं लग्न झालंय.

"भाऊ, हे नाव काहाडून द्या. बायोडाटा पाठवाचा हाय."

"मंग फुल शर्टातला फोटो काढू ना."

"फुल शर्टात दंड कसे दिसतीन?"

मुद्दा बिनतोड होता. मामाने मोबाइल पुढे केला. घरच्या कोणीतरी बोट फिरवून नाव आधीच पुसलेलं होतं. नाव गेलं होतं, पण त्यासोबत बेटकुळीही गेली होती. मधोमध दंड लाटलेल्या पोळीसारखा सपाट, आणि कडेला हिरवट धूर.

हा धूर कुठून येतो ते सांगतो. फोटोशॉपमधला Healing Brush किंवा तसलं कुठलंही आपोआप भरणारं हत्यार निवडलेल्या जागेच्या काठावरचा रंग घेतं आणि आत पसरवतं. काठ अक्षराला चिकटून असेल तर शाईचाच रंग आत शिरतो. त्यातून जुनं गोंदण कडेने थोडं विरघळलेलं असतं. डोळ्याला अक्षर संपल्यासारखं वाटतं तिथून पुढेही निळसर सावली असते. म्हणून निवड नेहमी शाईच्या थोडी बाहेरून, स्वच्छ कातडीवरून करायची.

पण खरा छळ शिरोरेघेचा. इंग्रजी नाव असतं तर एकेक अक्षर सुटं काढता आलं असतं. आपलं नाव म्हणजे वर एक लांब आडवी रेघ, आणि ती दंडाला अर्धा वळसा घालून गेलेली. ऊन डावीकडून, संध्याकाळचं. त्यामुळे रेघ सुरू होते बेटकुळीच्या चकचकीत माथ्यावर, मग गव्हाळ मधल्या भागात उतरते आणि आतल्या बाजूच्या खाचेत गडद सावलीत बुडते. त्याच्याही पलीकडे, अगदी काठाला, पुन्हा जरासा उजेड. तो मातीवरून आलेला नाही, आमची काळी माती उजेड परत देत नाही, गिळते. तो बनियानचा. म्हणजे एकाच रेघेखाली कातडीचे चार रंग. एका जागची कातडी उचलून सगळ्या रेघेवर थापली की दंडाचा गोलवा संपलाच.

म्हणून माझा नियम असा की कातडी दंडाच्या लांबीने उचलायची, रुंदीने नाही. खांद्यापासून कोपरापर्यंत एका पट्टीत उजेड बराचसा सारखा असतो, आडवं सरकलं की लगेच बदलतो. माथ्यावरच्या रेघेसाठी माथ्यावरचीच, तिच्या वर-खालची कातडी. खाचेसाठी खाचेतली. मामाला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, "पण दुसऱ्या दंडावरची घ्या ना, तो कोराच हाय." दुसऱ्या दंडावर ऊनच नव्हतं, मामा.

मग फोटोचे दोन थर केले. खालच्यात नुसता रंग आणि छाया, वरच्यात नुसती छिद्रं, लव आणि बारीक रेषा. मूळ थराच्या दोन नकला काढायच्या. खालच्या नकलेला Gaussian Blur द्यायचा, छिद्रं दिसेनाशी होतील पण बेटकुळीचा उठाव राहील इतकाच. माझ्या फोटोला दहा पिक्सेलच्या आसपास जमलं, फोटो लहान असेल तर आकडा कमी. वरच्या नकलेवर Apply Image उघडून त्यात खालचा धूसर थर निवडायचा, Blending ला Subtract, Scale 2, Offset 128, आणि शेवटी त्या थराचा मोड Linear Light. हे आकडे आठ बिटच्या फोटोचे. दोन्ही थर एकत्र दिसले की चित्र जसंच्या तसं मूळ फोटोसारखं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पुढे जाऊ नये, आकडा चुकलाय.

गोंदण दोन्ही थरांत शिरलेलं असतं, हे लक्षात ठेवायचं. खालच्या थरात शाईचा डाग, वरच्यात अक्षरांच्या कडा. खाली मऊ Clone Stamp ने लांबीच्या दिशेने रंग भरला. वर त्याच हत्याराला कडक धार देऊन आणि Sample ला Current Layer ठेवून खरी छिद्रं आणि लव आणली, लव जिकडे झुकते तिकडेच झुकवून. मधूनमधून जागा बदलावी लागते, नाहीतर एकच तीळ ओळीने तीनदा उगवतो. माझं निम्मं काम झालं तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टर होतं, पण पंखा त्यावर नव्हता.

एवढं करूनही बेटकुळी थोडी मेलेली वाटत होती. मग पन्नास टक्के करड्या रंगाचा एक थर Soft Light मध्ये ठेवला, ब्रशचा Flow तीनवर आणला, आणि माथ्यावर पांढरा, खाचेत काळा, असा हळूहळू फिरवला. मामा मागून म्हणाला, "अजून जरासा फुगवा." फुगवला नाही. पोरीवाले प्रत्यक्ष येणार होते.

तपासायची माझी रीत अशी. सगळ्यात वर Hue/Saturation चा थर टाकून रंग टोकाला न्यायचा. उरलेलं निळं गोंदण तिथे भुतासारखं उठतं, आणि खाचेत उठलंच. ते पुसून तो थर काढला आणि चित्र काळं-पांढरं करून पाहिलं. रंग फसवतात, छाया फसवत नाही. ठिगळ असेल तर काळ्या-पांढऱ्यात गडद-फिक्याची पायरी लगेच दिसते.

जाताजाता पोट्टा म्हणाला, "भाऊ, कोपरापाशी हे जन्मखूण हाय, हेबी काहाडा." हे काम सोपं. जन्मखुणेत कातडी खरीच असते, छिद्रं जागच्या जागी, बिघडलेला असतो फक्त रंग. वरच्या थराला हातही लावायचा नाही. Curves चा एक थर, मास्कने खुणेपुरता, जरा उजळ केला आणि तांबूसपणा थोडा कमी केला. चहा यायच्या आत खूण गेली.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. हातात बायोडाटा, डोळ्यांत अंगार.

"माह्या पोट्ट्याची खूण कोनं काहाडली? लहानपनी बहिरमले हरवला होता, तवा हेच खूण पाहून सापडला! लक्ष्मी हाय ते!"

पोट्टा खाली मान घालून उभा. मी मूळ फाइल थरांसकट ठेवलेली असते, सपाट करून टाकत नाही. मास्कवर काळा ब्रश फिरवला, खूण परत आली.

बाई स्क्रीनजवळ आल्या. चष्मा वर-खाली केला. नाव होतं त्या जागेवर बोट टेकवून निरखून पाहिलं. तिथे त्यांना काहीच सापडलं नाही. मग खुणेकडे वळल्या.

"ठीक हाय. पण जराशी ठळक करा ना, दुरून दिसली पायजे."

त्याचे पैसे वेगळे पडतील, म्हटलं.