परदेशात बसून मायदेशाचं राजकारण कसं चालवावं

तुम्ही नोकरीसाठी परदेशात गेलात, नीट स्थिरावलात, आणि आता वाटायला लागलंय की देशाला आपल्या मार्गदर्शनाची गरज आहे. अगदी बरोबर वाटतंय. आमच्या फॅमिली ग्रुपवर इंग्लंडमधला एक मावसभाऊ आहे, वयाने मोठा म्हणून दादा म्हणायचं, तो हे काम कित्येक वर्षं मन लावून करतोय. परवा इकडच्या निवडणुकीचा निकाल लागला आणि दादाने ग्रुपवर भलामोठा निबंध टाकला, सुरुवातच "तुम्ही लोकांनी परत माती खाल्ली". तो वाचून वाटलं, ही कला इतरांनाही शिकता यावी. म्हणून हा लेख.

सगळ्यात महत्त्वाचं, स्वतः मत देऊ नका. सोय आहे म्हणून वापरायचीच असं थोडंच आहे! 2010 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2011 पासून परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, फक्त दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसावं. फॉर्म 6ए म्हणतात त्याला. ऑनलाइन भरता येतो, पासपोर्टची आणि व्हिसाची कॉपी जोडायची, पासपोर्टवर भारतातला जो पत्ता आहे त्या मतदारसंघात नाव लागतं. पण मतदानाच्या दिवशी स्वतः बूथवर जाऊन ओरिजिनल पासपोर्ट दाखवावा लागतो, पोस्टाने मत पाठवता येत नाही. ती सोय सैनिकांना आणि वकिलातीतल्या सरकारी नोकरांना. तुम्ही देशाची एवढी काळजी करता, वर विमानात पण बसायचं? छे.

आणि तुम्ही एकटे नाही हो. परदेशात भारतीय पासपोर्टवाले एक कोटीच्या वर आहेत. त्यातल्या 1,19,374 जणांनी 2024 च्या लोकसभेसाठी नाव नोंदवलं आणि बूथवर आले 2,958. त्यातले 2,670 एकट्या केरळचे. उरलेल्या सगळ्या भारताचे मिळून तीनशेसुद्धा नाहीत! (तीनशेच्या वर मेसेज तर आमच्या एका ग्रुपवर आले होते, त्यातले निम्मे दादाचे.)

फॉर्म नकोच असेल तर आईवडिलांच्या पत्त्यावरचं जुनं नाव तसंच यादीत राहू द्या. कायद्याने जो तिथे राहत नाही त्याचं नाव साध्या यादीत राहायला नको, पण कोण बघतंय. आणि मतदार यादीत किती घोळ आहेत यावर पोस्ट मात्र नक्की टाका.

तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर अजून सोपं. परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, भारतातल्या पक्षाला देणगीसुद्धा चालत नाही. म्हणजे सल्ला सोडून देण्यासारखं तुमच्याकडे काही उरतच नाही, तर तो भरपूर द्या.

आता जिथे राहता तिथलं राजकारण. तिकडे तर अजिबात लक्ष देऊ नका. दादा अजून भारतीय पासपोर्टवर आहे, ब्रिटनमध्ये वर्क व्हिसावर. आता गंमत बघा, ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना तिथल्या पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं, व्हिसा वैध असला की झालं, ब्रिटिश नागरिक व्हायची गरज नाही. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. ऑनलाइन नोंदणी पाच मिनिटांची, पोस्टाने मत देण्याची सोय आहे, बूथवर गेलात तर फोटोचं ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. तोच पासपोर्ट, जो इकडे बूथवर चालला असता! म्हणजे या माणसाला दोन देशांत मताचा अधिकार आहे आणि तो एकाही ठिकाणी बजावत नाही. मी विचारलं तर म्हणाला, "अरे, ते त्यांचं राजकारण, आपल्याला काय करायचंय."

बरं. 4 जुलै 2024 ला तिथे निवडणूक झाली. दादा घरी होता. मे 2025 मध्ये नव्या सरकारने श्वेतपत्रिका काढली, त्यात प्रस्ताव असा की कायमचं राहायची परवानगी पाच वर्षांऐवजी साधारण दहा वर्षांनी द्यायची. झालं, ग्रुपवर आकाश कोसळलं. आम्ही टॅक्स भरतो, आम्हाला कोणी विचारत नाही, आमच्या मुलांचं काय, पाच वर्षांचा हिशोब करून आलो होतो. खरं आहे सगळं, मला वाईटही वाटलं. पण विचारलं होतं ना बाबा! ज्यांच्या पोटावर हा पाय येतोय त्यातल्या हजारोंना त्या देशाने मतपत्रिका देऊ केली होती. तुमच्या भागातल्या खासदाराला यादीत कोणाकोणाची नावं आहेत हे कळतं, आणि जो नोंदणीच करत नाही त्याच्या पत्राचं त्याला काय वजन वाटणार? मुलांच्या शाळेचे प्रवेश, कचरा, रस्ते बघते ती लोकल कौन्सिल, तिथेही तुला मत आहे, तिथल्या नगरसेवकाचं नाव तुला माहीत नाही, आणि आमच्या आमदाराची कुंडली पाठ!

मोर्चे जरूर काढा, झेंडे लावून गाड्यांच्या रॅल्या काढा.

आणि हो, मतदानाच्या आदल्या रात्री आईला फोन करायला विसरू नका. हा खरा प्रभाव. पैसे तुम्ही पाठवता, तब्येतीचा खर्च तुम्ही करता, मग कोणतं बटण दाबायचं हेही तुम्हीच सांगायचं. आमच्या मावशीला दादाने रात्री अर्धा तास समजावलं, सकाळी परत फोन, "दिलंस ना?" मावशीने शाळेत आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलंय. ती हो हो म्हणाली आणि मत कुणाला दिलं ते आम्हालाही सांगितलं नाही.

नाही, आता मला हे असं गोड बोलत राहणं जमत नाहीये. दादा, आणि दादासारखे बाकीचे सगळे, सरळ ऐका. तुम्ही कुठल्या पक्षाचे आहात याच्याशी मला घेणंदेणं नाही, दोन्हीकडचे तुम्ही असेच आहात. एवढं लांबून यायचं शक्य नाही, हे मान्य आहे मला, रजा मिळत नाही, तिकीट परवडत नाही. मग ते बदलायला काय केलंत? ऑगस्ट 2018 मध्ये लोकसभेने विधेयक मंजूर केलं होतं, परदेशातल्या मतदाराला आपल्या वतीने दुसऱ्याला मत द्यायला नेमता यावं म्हणून. ते राज्यसभेत मंजूर झालंच नाही आणि 2019 मध्ये लोकसभेबरोबर बाद झालं. 2020 मध्ये निवडणूक आयोगाने पोस्टल मताचा प्रस्ताव पाठवला, अजून चर्चाच. यासाठी सुप्रीम कोर्टात जाणाऱ्यांत एक होता आखातात राहणारा केरळचा डॉक्टर, शमशीर वयलील. केरळचे लोक आखातातून मतासाठी एकत्र बुकिंग करून येतात, त्या फ्लाइटला 'वोट विमानम' म्हणतात. त्यातले बरेचसे साधी नोकरी करणारे, तुमच्यापेक्षा कमी रजा मिळणारे. म्हणून त्यांचे पुढारी मतं मागायला आखातात जातात.

आणि तुमच्याकडे नेता येतो तेव्हा? ह्यूस्टनला 2019 मध्ये पन्नास हजारांच्या आसपास माणसं जमली होती. कायद्याने ज्याला मतच नाही किंवा जो ते वापरत नाही अशा गर्दीपुढे नेता टाळ्या घेतो, फोटो काढतो, निघून जातो, कारण तुम्ही त्याच्याकडे काही मागतच नाही. पोस्टल मताचं काय झालं, एवढं विचारा ना त्याला स्टेजखाली उभं राहून. तिथे तोंड उघडत नाही आणि इकडे आम्हाला माती खाल्ली म्हणता. आम्ही दोन तास रांगेत उभे होतो रे. तू पाच मिनिटांचा फॉर्म भरला नाहीस, इकडचा पण नाही आणि तिकडचा पण नाही.