सीझन पास म्हणजे ‘आयुष्यभर सगळं फुकट’ नव्हे

“डीएलसी, सीझन पास, एक्स्पान्शन पॅक ही एकाच गोष्टीची तीन नावं आहेत. सगळं गेममध्ये आधीच असतं, फक्त कुलूप लावून विकतात. सीझन पास एकदा घेतला की त्या गेमचं पुढचं सगळं आयुष्यभर फुकट. एक्स्पान्शन घेतलं तर मूळ गेम विकत घ्यायचीही गरज नाही.”

हा मजकूर ताईने मला पाठवला, कारण भाच्याने तो दाखवून तिच्याकडे पासचे पैसे मागितले. ती घाईघाईत कार्ड काढणारच होती, म्हणून हे लिहितोय.

तिसरं वाक्य सगळ्यात महागात पडणारं आहे, तिथूनच सुरुवात करतो. सीझन पासमध्ये खेळायचं काहीच नसतं. पुढे येणाऱ्या ठरावीक भागांचे पैसे आधी भरल्याची ती पावती, खानावळीच्या महिन्याच्या कार्डासारखी. ताटात काय पडेल ते नंतर कळतं आणि महिना संपला की कार्डही संपतं.

‘फॉलआउट ४’ बघा. गेम नोव्हेंबर २०१५ मध्ये आला आणि पास ३० डॉलरला विकायला ठेवला, तेव्हा आत काय असेल हे धड सांगितलंही नव्हतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये पहिली तीन नावं जाहीर झाली आणि १ मार्चपासून त्याच पासची किंमत ५० डॉलर केली. शेवटी त्यात सहा गोष्टी आल्या. ‘फार हार्बर’ २५ डॉलरचं: नवं बेट, नवी माणसं, हरवलेल्या मुलीच्या शोधापासून सुरू होणारी मोठी कथा. ‘नुका-वर्ल्ड’ २० डॉलरचं, अख्खं पडीक करमणूक उद्यान. ही दोन खरी एक्स्पान्शन. ‘ऑटोमॅट्रॉन’ १० डॉलरचं, छोटी कथा आणि स्वतःचे रोबो जोडायची सोय. उरलेले तीन ‘वर्कशॉप’ पाच-पाच डॉलरचे. त्यांतल्या ‘वेस्टलँड वर्कशॉप’मध्ये प्राणी पकडायचे पिंजरे, निऑन दिवे, सजावट. कथा शोधत बसलात तर मिळणार नाही, कारण ती नाहीच.

हे सगळं डीएलसीच, म्हणजे मूळ गेमवर वेगळं उतरवून घ्यायचं काहीही. एका टोकाला दिवे, दुसऱ्या टोकाला बेट. एक्स्पान्शन हा त्यातला मोठा प्रकार. मग तिन्ही एकच कसे?

आता हिशेब. सहाही सुटे घेतले तर साधारण ७०. ज्याने ३० ला पास घेतला तो जिंकला. पण ५० ला घेणाऱ्याला फक्त दोन मोठी एक्स्पान्शनच खेळायची असतील तर ती सुटी ४५ ला मिळत होती. पास घेऊन पाच डॉलर जास्त गेले आणि बदल्यात मिळाले नको असलेले पिंजरे! आणि ‘आयुष्यभर’? २०१७ मध्ये त्याच गेममध्ये ‘क्रिएशन क्लब’ नावाचं जास्तीच्या वस्तूंचं दुकान आलं. त्यातल्या वस्तू वेगळ्या क्रेडिटने विकत घ्याव्या लागल्या. पासधारकांनाही.

कुलपाच्या गोष्टीत तथ्य आहे, मान्य करावं लागेल. २०१२ च्या ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’च्या डिस्कवर बारा पात्रं आधीच होती आणि ती उघडायला वेगळे पैसे मागितले गेले. लोक भडकले, योग्यच होतं. पण त्यावरून ‘सगळं’ आधीच असतं म्हणणं म्हणजे बोलायचं म्हणून बोलणं. ‘फार हार्बर’ गेमनंतर सहा महिन्यांनी आलं.

चौथं वाक्य बहुतेक वेळा चूक. ‘फार हार्बर’ला मूळ गेम लागतोच. ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’सारखे स्वतंत्र चालणारे अपवाद आहेत, पण ते तसे जाहीर करूनच विकले जातात. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात डीएलसीच्या पानावर मूळ गेम लागेल ही सूचना वरच असते. भाच्याला ती दिसत नसेल तर चष्मा लागलाय.

पास घ्यायचाच असेल तर स्टीमवर त्याचं पान नीट वाचा. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०२४ च्या अखेरीस नियम कडक केले: पासमध्ये कोणते डीएलसी, त्यात काय आणि ते साधारण कधी येणार हे विक्रेत्याने लिहायला हवं. तारीख एकदाच पुढे ढकलता येते, तीही जास्तीत जास्त तीन महिने. एखादा भाग रद्द झाला तर न आलेल्या भागाचे पैसे परत द्यायची तयारी ठेवावी लागते. हे फक्त स्टीमपुरतं. दुसऱ्या दुकानात ‘आणखी बरंच काही’ एवढंच लिहिलेलं दिसलं तर पैसे खिशातच राहू द्या. सुटं डीएलसी स्टीमवर घेऊन पस्तावलात, तर १४ दिवसांच्या आत आणि ते घेतल्यापासून मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच पैसे परत मागता येतात. पण त्यातली वस्तू वापरून संपवली असेल तर तेही नाही.